दामाजीची पावती आणि कीर्तनाची बांधणी

दामाजीपंतांची गोष्ट ठाऊक नसलेला श्रोता कीर्तनाला सहसा येत नाही. तरीही नारदीय कीर्तनात ती रंगते आणि शेवटी डोळे भरून येतात. याचं कारण गोष्टीच्या आधी घडलेल्या तासाभरात आहे.

नारदीय कीर्तन साधारण दोन-अडीच तासांचं. पूर्वार्ध तो पूर्वरंग, उत्तरार्ध तो उत्तररंग. नमन आणि नामाचा गजर झाला की बुवा एक अभंग घेतात. हे त्या दिवसाचं मूळपद. आपण असं धरू की देव भक्ताचा भार वाहतो, या अर्थाचा तुकोबांचा अभंग घेतला आहे. बुवा त्याचं ध्रुवपद गातात, मागे पेटी-तबल्याची साथ असते आणि श्रोते ते झेलतात. हे पद इथे श्रोत्यांच्या तोंडी नीट बसावं लागतं, कारण दोन तासांनी तेच परत मागितलं जाणार असतं.

मग निरूपण. बुवा गीतेच्या नवव्या अध्यायातला योगक्षेमाचा श्लोक प्रमाण म्हणून देतात, ज्ञानेश्वरीतली ओवी जोडतात, घरगुती दृष्टान्त सांगतात. पण चांगला कीर्तनकार नुसता अर्थ सांगून थांबत नाही, तो शंका उभी करतो. देव भार वाहतो, तर भक्तावर संकट येतंच का? आणि देव सोडवील या हिशेबाने जो धाडस करतो, त्याची भक्ती अनन्य म्हणायची का? शंकेचं थोडं उत्तर द्यायचं आणि बाकीचं राखून ठेवायचं, हे मला पूर्वरंगातलं सर्वांत अवघड काम वाटतं. सगळं इथेच उलगडलं, तर पुढच्या आख्यानाला सिद्ध करायला काही उरत नाही.

मध्यंतरात गजर चालू असतो. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, श्रोत्यांमध्येही बुक्का फिरतो. त्यानंतर आख्यान.

मंगळवेढ्याला दुष्काळ पडला आहे. बेदरच्या बादशहाच्या धान्यकोठाराची जबाबदारी दामाजींवर आहे. माणसं दारात मरताना बघून ते कोठार खुलं करतात. चुगली होते, पकडून आणण्याचा हुकूम सुटतो. इथे गद्य आणि पद्य एकमेकांच्या हातात हात देऊन चालतात. कथा पुढे सरकवायला ओवी किंवा साकी येते. भुकेल्यांची दैना सांगताना बुवा संथ दिंडी लावतात. संगीत नाटकांतून आपल्या ओळखीच्या झालेल्या साक्या-दिंड्या तिथे गेल्या त्या कीर्तनातूनच. मग विठू महाराच्या रूपात पांडुरंग दरबारात येतो, मोहरा ओततो आणि पावती मागतो. या प्रसंगाला कटाव हवा: भराभर धावणारी, अनुप्रासांनी खणखणणारी रचना. कटाव म्हटला की अठराव्या शतकातल्या अमृतरायांचं नाव निघतंच. कटावात तबला चढत जातो, श्रोते ताल धरतात.

इथेच घात होऊ शकतो. मोहरांच्या राशीवर टाळ्या मिळाल्या की मोठा गजर तिथेच करण्याचा मोह होतो. पण आख्यानाचा कळस दरबारात नाही. कैदेत चाललेले दामाजी वाटेत पंढरपूरला थांबतात, नित्यपाठाची पोथी उघडतात आणि आत त्यांना धान्याची रक्कम पोचल्याची पावती सापडते. आपल्यासाठी देव राबला हे त्यांना तेव्हा कळतं. कोठार उघडताना त्यांनी सुटकेचा हिशेब केला नव्हता, शिक्षा भोगायची तयारी ठेवली होती. पूर्वरंगात राखून ठेवलेलं उत्तर ते हेच. जाणता कीर्तनकार पोथी उघडताना साथ थांबवतो, चार शब्द गद्यात बोलतो आणि मगच विठ्ठलनामाचा गजर उचलतो. त्या गजरातून थेट मूळपदाच्या ध्रुवपदावर येतो. श्रोते आपणहून गाऊ लागले तर सांधा जुळला. फक्त पुढच्या दोन रांगा आणि साथीदारच म्हणत असतील, तर निरूपण लांबलं असावं किंवा अभंग एकीकडे आणि आख्यान दुसरीकडे गेलं असावं. मग भैरवी, देवाकडे मागणं, आरती आणि प्रसाद.

वारकरी कीर्तनात मात्र ही दोन रंगांची विभागणी नसते. तिथे मागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो, आणि पूर्ण वेळ एकाच अभंगाचं चरणाचरणाने चिंतन चालतं. गोष्ट आली तरी दृष्टान्तापुरती.

नारदीय परंपरेत दामाजीचं आख्यान भूतदयेच्या अभंगावरही लावता येतं. तेव्हा पावतीचा प्रसंग चार ओळींत आटोपतो, दिंडी कोठाराच्या दारापाशी रेंगाळते, आणि कुलूप निघतं त्याच क्षणी गजर होतो.