ओळ कुठे तोडायची?

हे वाक्य जरा मोठ्याने वाचा बरं: ‘मी हसत हसत पळणाऱ्या बाळाला उचललं.’

आता सांगा, हसतंय कोण? मी, की बाळ? वाक्य दोन ओळींत लिहू या.

मी हसत हसत
पळणाऱ्या बाळाला उचललं.

इथे हसणारी मी आहे. आता ओळ दुसरीकडे तोडू.

मी
हसत हसत पळणाऱ्या बाळाला उचललं.

आता बाळ हसायला लागलं! शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. हललं ते फक्त थांबायचं ठिकाण. बोलताना हे काम आवाज करतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून तिथे ते ओळीला करता येतं.

पण आवाज थांबतो म्हणजे नेमकं काय करतो? आपण श्वास बाहेर सोडत बोलतो. मध्येच पटकन श्वास आत घ्यायचा आणि पुन्हा सावकाश सोडत बोलत राहायचं, असं ते चाललेलं असतं. हा श्वास शक्यतो अर्थाचा एक तुकडा संपला की घेतला जातो, शब्दाच्या मध्ये नाही. त्याहून मजेदार गोष्ट पुढे आहे. आवाज अजिबात बंद न होताही ‘इथे तुकडा संपला’ हे ऐकणाऱ्याला कळतं, कारण तुकड्याचं शेवटचं अक्षर आपण नकळत थोडं लांबवतो. शिवाय वाक्य संपलं नसेल तर सूर बहुतेक वेळा वर राहतो आणि संपलं की खाली उतरतो. घरातल्या मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करा. बऱ्याच रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाजाची वरखाली होणारी रेघ दिसते. ती जिथे सपाट होते, तिथे तुम्ही थांबलात.

आता एक साधं गद्य वाक्य घेऊ. असं वाक्य तुमच्या निसर्गवहीतही सापडेल.

‘वडाच्या पारंब्या आधी हवेत लोंबतात आणि वाऱ्याबरोबर हलतात, पण त्यांचं टोक जमिनीला टेकलं की त्या मातीत शिरतात, जाड होतात आणि ज्या फांदीतून त्या निघाल्या तिलाच खालून आधार देतात.’

ही माहिती आहे, कविता नाही. यातला एकही शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही, पुढेमागे करायचा नाही. नुसतं मोठ्याने वाचायचं आणि जिथे आवाज थांबेल तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायची. मग प्रत्येक रेघेपाशी नवी ओळ सुरू करायची.

वडाच्या पारंब्या
आधी हवेत लोंबतात
आणि वाऱ्याबरोबर हलतात,
पण त्यांचं टोक जमिनीला टेकलं की
त्या मातीत शिरतात,
जाड होतात
आणि ज्या फांदीतून त्या निघाल्या
तिलाच खालून आधार देतात.

‘जाड होतात’ हे दोनच शब्द आता एकटे उभे आहेत. गद्यात आपण त्यांच्यावरून भर्रकन पुढे गेलो होतो. इथे मात्र डोळा क्षणभर थांबतो आणि पारंबीला जाड व्हायला वेळ लागतो हे जाणवतं. शेवटून दुसरी ओळही पाहा. ‘ज्या फांदीतून त्या निघाल्या’ इथे ओळ संपली की मन विचारतं, बरं, तिचं काय? उत्तर पुढच्या ओळीत मिळतं.

आता तेच वाक्य कानाला न विचारता, नुसते शब्द मोजून तोडू.

वडाच्या
पारंब्या आधी
हवेत लोंबतात आणि
वाऱ्याबरोबर हलतात, पण त्यांचं
टोक जमिनीला टेकलं की त्या

वाचताना ठेच लागते ना? ‘पारंब्या आधी’ एकत्र वाचलं की ‘पारंब्यांच्या आधी’ असं काहीतरी वाटतं आणि मन चुकीच्या वाटेला जातं. ‘त्यांचं’ आणि ‘टोक’ यांची तर ताटातूट झाली. असं तोडणं कधीच करू नये असं नाही, वाचणाऱ्याला मुद्दाम अडखळवायला कवी ते करतातही. पण आपला खेळ नैसर्गिक थांब्यांचा आहे, तेव्हा ठेच लागली की समजायचं, रेघ चुकली.

मराठीत एक खूण फार उपयोगी पडते. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून क्रियापदानंतर थांबा मिळण्याची शक्यता मोठी. मात्र लगेच रेघ मारू नका, पुढचा छोटा शब्द तपासा. ‘की’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘तेव्हा’ हे शब्द बऱ्याचदा मागच्या तुकड्याला चिकटतात: ‘टेकलं की’, ‘पाऊस आला तर’, ‘उशीर झाला म्हणून’. ‘आणि’, ‘पण’ यांचा ओढा मात्र पुढच्या तुकड्याकडे असतो. म्हणून वरच्या ओळींत ‘की’ शेवटी आलं आणि ‘पण’ सुरुवातीला.

हा उद्योग खूप जुना आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम बायबलचं लॅटिन भाषांतर करत होते. त्या काळी लॅटिन मजकूर बहुधा शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत. आपल्या जुन्या मोडी कागदांतही शब्द असेच सलग असतात. असं पान मोठ्याने वाचणाऱ्याची काय तारांबळ होत असेल! जेरोम यांनी यशया या संदेष्ट्याचा ग्रंथ अर्थाच्या तुकड्यांप्रमाणे छोट्या ओळींत मांडला आणि प्रस्तावनेत बजावलं की ओळी पाहून हे छंदातलं काव्य आहे असं समजू नका, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी तसं लिहिलं आहे. डेमोस्थेनिस आणि सिसेरो या वक्त्यांची गद्य भाषणंही अशीच लिहितात, असंही त्यांनी सांगितलं. पुढे इ.स. 716च्या आधी इंग्लंडच्या उत्तर भागात एका मठात अख्खं बायबल अशा ओळींत लिहिलं गेलं. हजाराहून जास्त चर्मपत्री पानांचा तो ग्रंथ आज इटलीत फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे.

जेरोम यांचं म्हणणं मला फार पटतं. ओळी तोडल्याने यमक येत नाही, वृत्तही येत नाही. गद्यात जी लय आधीपासून असते, तीच दिसू लागते. वीजबिलाच्या मागची सूचना तोडून पाहा, ती सूचनाच राहते.

पण लय असली तर? कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी 1936 मध्ये आधुनिक इंग्रजी कवितांचा एक मोठा संग्रह संपादित केला. त्यातली पहिलीच ‘कविता’ मुळात कविता नव्हती. वॉल्टर पेटर या लेखकाने एका निबंधात मोनालिसाच्या चित्राबद्दल लिहिलेला तो गद्य तुकडा होता आणि तो लिहिणारे पेटर 1894 मध्येच वारले होते. त्या गद्यात ‘आणि’, ‘आणि’ असं म्हणत मोनालिसाच्या कल्पित जन्मांची लांबच लांब माळ गुंफलेली आहे. येट्स यांनी ती ओळींत तोडली आणि संग्रहाच्या अगदी सुरुवातीला मांडली.

आता तुम्ही आणि तुमचा मित्र किंवा मैत्रीण एकच उतारा घ्या. एकमेकांना न दाखवता रेघा मारा आणि मग वह्या शेजारी ठेवा. स्वल्पविरामाशी बहुतेक रेघा जुळतील. फरक पडेल तो छोट्या शब्दांपाशी. वडाच्याच वाक्यात कुणी ‘पण’नंतर जरासं थांबेल आणि ‘पण’ला एकट्याची ओळ देईल. मग तुमच्या वहीत पारंबी सरळ जमिनीकडे जाईल आणि त्याच्या वहीत एक ओळभर हवेतच थांबेल.