‘आपलं नक्की काय?’ एकदा विचाराच!

रोज रात्री तास-दीड तास फोन. वीकेन्डला सिनेमा, नाहीतर सिंहगड. त्याच्या आईच्या गुडघेदुखीपासून बॉसच्या कटकटीपर्यंत सगळं तुम्हाला ठाऊक. पण मित्रांमध्ये ओळख करून द्यायची वेळ आली की ‘ही माझी फ्रेंड’! आणि मैत्रिणीनं खोदून विचारलं की तुमचंही ठरलेलं उत्तर, ‘काही नाही गं, असंच.’

या ‘असंच’ला हल्ली सिच्युएशनशिप म्हणतात. ऑक्सफर्डच्या ‘वर्ड ऑफ द इयर’च्या शर्यतीत २०२३ साली हा शब्द शेवटच्या यादीपर्यंत पोचला होता. मुलींचंच असं होतं असंही नाही, ‘ती फक्त मैत्रीण आहे’ म्हणत झुरणारे दोन मित्र माझ्याही ओळखीचे आहेत. मी स्वतः अशा अकरा महिन्यांच्या ‘असंच’मधून बाहेर पडले. ब्रेकअप म्हणावं, तर मुळात काही जुळलंय असं कुणी जाहीरच केलं नव्हतं. मग संपवायचं कसं?

कबुतरं आणि आपण

आधी सुटत का नाही ते बघू. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर भरपूर प्रयोग केले आणि १९५७ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बटणावर चोच मारली की दाणा. पण दाणा कितव्या टोच्याला मिळेल याचा नेम नसेल, तर कबुतर थांबतच नाही, टोचत राहतं. दाणे बंद झाले तरी बराच वेळ टोचतं.

आमचंही तसंच चाललं होतं. चार दिवस मेसेजला ‘हं’ आणि ‘ओके’, पाचव्या दिवशी ऑफिसखाली अचानक माझ्या आवडीची भेळ घेऊन हजर! रोज भेळ आली असती तर मी निवांत असते. कधीच आली नसती तर केव्हाच निघाले असते. ती कधीतरी येते, म्हणून फोन उलटा ठेवूनही लक्ष तिथंच राहतं. त्यामुळे ‘बघू, आपोआप कळेल’ हा फंडा इथं चालत नाही. आपोआप फक्त पुढची भेळ येते. उत्तर हवं असेल तर विचारावं लागतं.

आधी स्वतःला, मग त्याला

‘तुझं माझ्यावर प्रेम आहे का?’ हा प्रश्न इथं कामाचा नाही. ‘आहे ना’ म्हणून समोरचा मोकळा होतो आणि सोमवारपासून पुन्हा ‘हं’ आणि ‘ओके’. प्रश्न ठोस हवा, आणि त्यासाठी आपल्याला काय हवंय ते आधी ठरायला हवं. मी एका कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या. दोघांच्याही आयुष्यात तिसरं कुणी नाही. मित्रमंडळींना सांगायचं. सहा महिन्यांत घरी सांगण्याबद्दल बोलायचं. खाली एक ओळ, ‘यातलं पहिलं आणि दुसरं नसेल तर मी थांबणार नाही.’ ती ओळ त्याला दाखवायची नव्हती. त्याचं उत्तर ऐकून मी विरघळले असते, तर मला वाचायला होती.

वेळही नीट निवडली. रात्री साडेबाराचा फोन नको, भांडणानंतर नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. शनिवारी सकाळी अकरा वाजता, प्रभात रोडच्या गल्लीतल्या एका कॅफेत. मी माझ्या गाडीवर गेले, म्हणजे बोलणं संपल्यावर ‘मला घरी सोड’ ही वेळ यायला नको.

कॉफी आल्यावर म्हटलं, ‘अकरा महिने आपण भेटतोय. मला तू आवडतोस आणि मला हे नातं म्हणून पुढे न्यायचंय. तुला काय हवंय?’ बस, एवढंच. लोकांच्या नवऱ्यांची उदाहरणं नाहीत, जुने हिशोब नाहीत. आणि प्रश्न विचारून गप्प बसले. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड! आपणच घाईघाईनं ‘म्हणजे तुला टेन्शन नको हं’ म्हणतो आणि त्याच्या वतीनं सूटही देऊन टाकतो.

उत्तर ऐकायचं कसं?

तो म्हणाला, ‘छान चाललंय ना? लेबल लावलं की प्रेशर येतं.’ मी विचारलं, ‘आत्ता नको, की माझ्याबरोबर नको?’ बराच वेळ चमचा फिरवून तो म्हणाला, ‘माहीत नाही यार. मला थोडा वेळ दे.’

वेळ मागण्यात गैर काहीच नाही. फक्त त्या वेळेला तारीख आहे का, ते बघायचं. ‘पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, ती झाली की रविवारी बसून बोलू’ हा वेळ मागणं झालं. ‘बघू ना’ म्हणजे आहे ते तसंच चालू ठेवणं. मी म्हटलं, ‘पुढच्या रविवारी बोलूया. तोपर्यंत मी फोन करणार नाही.’

बुधवारी त्याच्याकडून एक विनोदी रील आलं. रविवारी काहीच नाही. सोमवारी संध्याकाळी मी मेसेज पाठवला, ‘तुझं उत्तर मला कळलं. मला नातं हवंय आणि तुझी तयारी नाही, यात कुणाचा दोष नाही. पण असंच पुढे चालू ठेवणं मला जमणार नाही. आता भेटणं आणि फोन थांबवूया. काळजी घे.’ शेवटी प्रश्नचिन्ह नाही, हे मुद्दाम. प्रश्न विचारला की पुन्हा उत्तराची वाट बघणं आलं.

एक मात्र खरं. समोरचा चिडका असेल, धमकी देणारा असेल, किंवा त्याच्याकडे तुमचे खासगी फोटो असतील, तर हे कॅफे वगैरे विसरा. एकट्यानं भेटू नका, आधी घरातल्या किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा.

रात्री अकरा चाळीसचा मेसेज

तीन आठवड्यांनी तो आला, ‘मिस करतोय’. हाच तो दाणा! अशा वेळी एकच तपासायचं, आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे का? नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘त्या दिवशी विचारलं त्यावर बोलायचं असेल तर फोन कर.’ फोन आला नाही. मग चॅट आर्काइव्ह केलं, स्टेटस म्यूट केलं. त्याची दोन पुस्तकं कॉमन मित्राकडे दिली, ‘परत करायचीत’ म्हणून भेटायचं निमित्त उरायला नको.

दुःख झालंच. वर ‘तुमचं तसं काही नव्हतंच ना?’ हे ऐकून जास्त झालं. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख मानतच नाहीत, त्याला केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये ‘डिसएन्फ्रॅन्चाइझ्ड ग्रीफ’ असं नाव दिलं. ते मुकाट गिळावं लागतं, म्हणून जास्त रेंगाळतं. म्हणून निदान एका माणसाला सगळं पहिल्यापासून सांगा. मी माझ्या ताईला सांगितलं. ‘नाव नव्हतं म्हणून काय झालं, अकरा महिने होते ना?’ एवढंच ती म्हणाली, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून झोपले.