चढलेल्या व्याजावरचा कर

दुय्यम बाजारात सूचिबद्ध बॉण्ड विकत घेताना काँट्रॅक्ट नोटवर दोन आकडे वेगवेगळे दिसतात. एक बॉण्डचा भाव आणि दुसरा ‘अॅक्रूड इंटरेस्ट’, म्हणजे मागच्या कूपनपासून त्या दिवसापर्यंत चढलेलं व्याज. हे व्याज विकणाऱ्याचं असतं, पण कंपनी ते कूपनच्या तारखेलाच देणार. म्हणून घेणारा ते आपल्या खिशातून आधी देतो आणि पुढे पूर्ण कूपन स्वतः घेतो. व्यवहार म्हणून यात काही वावगं नाही. अडचण येते ती विवरणपत्र भरताना.

एक उदाहरण घेऊ. दोन लाख रुपये दर्शनी किमतीचे, वर्षाला ९ टक्के व्याज देणारे बॉण्ड आहेत. व्याज दर ३० सप्टेंबरला एकदम मिळतं, १८,००० रुपये. एका गुंतवणूकदार बाईंनी हे बॉण्ड ३० जून २०२५ला दर्शनी किमतीला घेतले. तोवर २७३ दिवसांचं व्याज चढलं होतं, १३,४६३ रुपये. त्यांनी एकूण २,१३,४६३ रुपये मोजले. तीन महिन्यांनी कूपन आलं आणि कंपनीने १० टक्के टीडीएस कापून १६,२०० रुपये खात्यात जमा केले.

त्यांची खरी कमाई ९२ दिवसांची, म्हणजे ४,५३७ रुपये. उरलेले १३,४६३ रुपये त्यांचेच परत आले. पण २६एएस आणि एआयएसमध्ये त्यांच्या नावावर व्याज दिसतं ते पूर्ण १८,००० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर उपकरासह त्यावर कर होतो ५,६१६ रुपये. कर कमाईपेक्षा जास्त!

मग दिलेलं व्याज मिळालेल्या व्याजातून वजा का करू नये? पुष्कळांना हेच सुचतं, आणि तर्क सरळ आहे. पण विजया बँकेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खरेदीच्या वेळी दिलेलं असं व्याज हा रोखे मिळवण्याचा भांडवली खर्च आहे, व्याजाच्या उत्पन्नातून तो वजा होत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात न्यायालयाने ही वजावट मान्य केली, पण ती रोखे व्यापारी माल म्हणून बाळगणाऱ्या बँकांसाठी. गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या रोख्यांना ती नाही. सामान्य माणूस या दुसऱ्या गटात मोडतो.

म्हणजे ते १३,४६३ रुपये बॉण्डच्या खरेदी किमतीत जातात आणि त्यांचा हिशेब विकताना होतो. बाईंनी ३१ डिसेंबरला बॉण्ड पुन्हा दोन लाखांच्याच भावाने विकले असं धरू. या वेळी नव्याने चढलेलं ४,५३७ रुपयांचं व्याज त्यांना घेणाऱ्याकडून मिळालं. ते विक्रीच्या किमतीत धरलं जातं. २,०४,५३७ उणे २,१३,४६३, म्हणजे ८,९२६ रुपयांचा अल्पकालीन भांडवली तोटा. भाव पैशानेही हललेला नसताना!

या तोट्याचं काय करता येतं, यावर सगळं ठरतं. भांडवली तोटा व्याजाच्या उत्पन्नातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. बाईंना त्याच वर्षी टप्प्याच्या दराने कर लागणारा दुसरा नफा असेल, उदाहरणार्थ डेट फंडाचा, तर तोट्यामुळे २,७८५ रुपये कर वाचतो आणि हिशेब बरोबर जुळतो. असा नफाच नसेल तर सहा महिन्यांच्या ९,०७४ रुपयांच्या खऱ्या कमाईवर ५,६१६ रुपये कर, साधारण ६२ टक्के. तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. सूचिबद्ध बॉण्ड वर्षाहून अधिक ठेवला तर तोटा दीर्घकालीन ठरतो आणि मग तो फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे नियम तिकडे लावू नयेत. तिथे घेणारा दिलेलं व्याज शेड्यूल बीमध्ये व्याजातून वजा करतो आणि विकणारा मिळालेलं चढलेलं व्याज व्याज म्हणूनच दाखवतो. मला ती पद्धत जास्त न्याय्य वाटते. ज्याने जितके दिवस पैसे गुंतवले, तितक्याच दिवसांच्या व्याजावर त्याने कर भरावा.

इथली व्यवस्था उलट बाजूने वापरायचा मोहही होतो. कूपन जवळ आलं की बॉण्ड विकायचा, म्हणजे चढलेलं व्याज भांडवली नफा ठरेल आणि १२.५ टक्क्यांत भागेल. पण कर चुकवण्यासाठी असं वारंवार केलं तर व्याज दिवसागणिक मिळालं असं धरून कर लावण्याची तरतूद आयकर कायद्यात आहे.

घेणाऱ्याच्या हातात राहते ती खरेदीची तारीख. वर्षातून एकदाच कूपन देणारा बॉण्ड कूपन होऊन गेल्यावर लगेच घेतला, तर चढलेलं व्याज नाममात्र असतं. दरमहा व्याज देणाऱ्या बॉण्डमध्ये ते कधीच फार साचत नाही. काँट्रॅक्ट नोट मात्र विक्री होईपर्यंत जपून ठेवावी, कारण खरेदी किमतीत व्याज धरलं होतं याचा पुरावा तोच.