टॉवरची बॅटरी कुठे दगा देते?

मोबाइल टॉवरखालच्या शेल्टरमध्ये वीज असेपर्यंत सगळे ठाकठीक दिसते. पॅनेलवर ५४ व्होल्ट. वीज गेली की काही मिनिटांतच आकडा ४४ वर घसरतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी बसवलेला स्विच लोड तोडतो. गावाचे फोन बंद. मग सगळी बँकच बाद झाली, असा निष्कर्ष निघतो आणि तो बहुधा घाईचा असतो. मुळात ते ५४ व्होल्ट चार्जरचे होते, बॅटरीच्या ताकदीचे नव्हे.

बँकेत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एकामागोमाग जोडलेले असतात. खरी परीक्षा लोड चालू असताना, प्रत्येक सेलला मल्टिमीटर लावून करायची. समजा, २१ सेल २.०३ व्होल्टवर ठाम आहेत आणि उरलेले तीन ०.७, ०.५ व ०.४ वर कोसळलेत. बेरीज ४४.२३. स्विच ४४.४ वर लावलेला असेल, तर तो पडणारच. तीन सेलनी २१ धडधाकट सेलना कामातून उठवले.

आता हायड्रोमीटर. तो फक्त पाणी घालायच्या उघड्या सेलना चालतो. सीलबंद सेलमध्ये ॲसिड काढताच येत नाही. आपल्याकडच्या अशा स्थिर बँकेत पूर्ण चार्ज सेलची घनता २७ अंश तापमानाला साधारण १.२०० असते. शेल्टर तापलेले असेल, तर दर अंशामागे ०.०००७ मिळवायचे. म्हणजे ३५ अंशांवरचे १.१९५ हे खरे तर १.२००च. नुकतेच पाणी घातले असेल, तर ते ॲसिडमध्ये नीट मिसळेपर्यंत रीडिंग घेऊ नये.

त्या तीन सेलमध्ये घनता १.१४०च्या आसपास भरली, तर संशय सल्फेशनचा. डिस्चार्ज होताना ॲसिडमधले सल्फेट प्लेटांवर बसते आणि चार्जिंगला परत ॲसिडमध्ये उतरते. वीज वारंवार जाते, चार्जिंग अर्धवट राहते, तेव्हा प्लेटांवरचे स्फटिक मोठे आणि कडक होतात. असा सेल चार्जरवर इतरांपेक्षा जास्त व्होल्ट दाखवतो आणि लोड येताच बसतो. चार्जरवरही व्होल्ट कमीच असतील, तर आत शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. आणि घनता उत्तम असूनही व्होल्टेज पडत असेल, तर आधी सेलमधल्या जोडपट्ट्या आणि त्यांचे नट तपासा.

घनता कमी दिसली म्हणून वरून ॲसिड ओतण्याची सवय फार घातक आहे. आकडा सुधारतो, सल्फेट प्लेटांवर तसेच राहते. त्याऐवजी त्या सेलना कमी करंटवर बराच वेळ चार्ज द्यावा, तापमानावर लक्ष ठेवावे आणि दर तासाला घनता लिहावी. ती चढत असेल तोवर चार्जिंग थांबवू नये. लागोपाठ तीन तास ती जागची हलली नाही आणि १.२०० पासून दूरच राहिली, तर ते सेल बदलावेच लागतात.