राउटरचा जोर कमी केल्यावर

ट्रान्समिट पॉवर म्हणजे राउटर किती जोराने बोलतो याचे माप. ती वाढवल्याने फोनचे उत्तर मात्र मोठे होत नाही. म्हणून वायफायच्या कांड्या भरलेल्या असूनही व्हिडिओ कॉल अडखळतो.

दोन राउटर लावलेल्या फ्लॅटमध्ये हे नेमके जाणवते. उशाशी दुसरा राउटर असूनही बेडरूममधला फोन हॉलमधल्यालाच चिकटून राहतो. आयफोन साधारणपणे सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावरच दुसरा राउटर शोधू लागतो. पलंगावर हॉलच्या राउटरचा सिग्नल उणे ६८ असेल, तर तो हलणार कशाला? हॉलच्या राउटरमध्ये `Transmit Power` २० डीबीएमवरून १७ केली, म्हणजे १०० मिलिवॉटची ५० केली, की पलंगावर उणे ७१ मिळतात आणि फोन जवळच्या राउटरकडे वळतो. काही राउटरवर आकड्यांऐवजी `High`, `Medium`, `Low` एवढेच असते. तिथे एकच पायरी उतरावी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कनेक्शन तुटू लागले, तर उतरणे जास्त झाले.

घरात एकच राउटर असेल, तर हा उपाय बहुधा शेजाऱ्यांच्याच कामी येतो. त्यांच्या राउटरचा गोंगाट आपली पॉवर घटवून कमी होत नाही. तिथे चॅनेल बदलावा.