अर्धवट दुरुस्तीची चिठ्ठी

नोकरी सोडणारा प्रोग्रॅमर मागे जी नोंद ठेवतो, तिच्यात उघड दोषांपेक्षा अर्धवट दुरुस्ती जास्त धोक्याची असते. दोष निदान दिसतो तरी. अर्धी दुरुस्ती पूर्ण झाल्यासारखी वाटते.

समजा, फी भरण्याच्या ॲपमध्ये नेटवर्क रेंगाळलं, पालकाने बटण पुन्हा दाबलं आणि दोन पावत्या निघाल्या. उपाय म्हणून प्रत्येक व्यवहाराला `request_id` हा क्रमांक दिला. दुसऱ्यांदा दाबलं तरी क्रमांक तोच राहतो. पण तो पुन्हा आला तर नोंद नाकारायची, ही अट डेटाबेसमध्ये लावायची राहिली, कारण जुन्या सगळ्या नोंदींत त्या जागी शून्यच भरलेलं आहे आणि एवढी पुनरावृत्ती असताना डेटाबेस ती अट स्वीकारत नाही.

नवा माणूस रकाना पाहून काम झालं असं समजेल, किंवा निरुपयोगी म्हणून तो काढूनही टाकेल. म्हणून ‘पेमेंटचं काम चालू’ एवढं लिहिणं जवळपास न लिहिण्यासारखंच. चिठ्ठीत हवं ते असं: क्रमांक साठवला जातो, तपासला जात नाही, आधी जुन्या नोंदींना वेगवेगळे क्रमांक द्या, मग अट लावा. तोवर एकाच विद्यार्थ्याच्या, सारख्या रकमेच्या, मिनिटभरात निघालेल्या दोन पावत्या रोज शोधा.