आ आणि ला यांच्यामध्ये

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं ते पत्र म्हणजे वहीचा फाडलेला एक कागद, चार घड्यांचा. १९५६ साली कोकणातल्या सासरहून आत्याआजीनं मुंबईच्या भावाला लिहिलेलं. वर ‘।। श्री ।।’, मग ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’ आणि खाली तेवीस ओळी. टाइप करायला अर्धा तास पुरेल असं मी धरून चाललो होतो. त्यातल्या दोन ओळींनीच तीन संध्याकाळी खाल्ल्या.

पहिली खोडी मोबाइलनं केली. मी ‘झालें’ लिहिलं की तो निमूटपणे ‘झाले’ करून ठेवी. आत्याआजी ‘घरांत’, ‘परवां’, ‘रात्रीं’ असंच लिहायची. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी जे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, ते तिच्या हातात मुरलेले होते. ते गेले की पत्राचं वयच बदलतं. म्हणून आधी आपोआप दुरुस्ती बंद केली. मग नियम ठरवला की जे कागदावर दिसतं तेच टाइप करायचं. ‘सा. न. वि. वि.’ला फोडून ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ करायचं नाही, आणि तिची ओळ जिथे संपते तिथेच माझीही संपवायची.

ओळींचा हा हट्ट आधी मला शोभेचा वाटला होता. त्याचा पहिला उपयोग अगदी हिशेबी निघाला. मूळ पत्रात तेवीस ओळी आणि माझ्या मजकुरात बावीस! नक्कल करताना डोळा एका ‘तसेंच’वरून उठतो आणि खालच्या ओळीतल्या ‘तसेंच’वर जाऊन बसतो, मधला मजकूर गळतो आणि वाचताना काहीच खटकत नाही. सलग परिच्छेद टाइप केला असता तर हे मला कधीच कळलं नसतं. आता मी मूळ कागदावर कोऱ्या कागदाची पट्टी धरतो, एकच ओळ उघडी ठेवतो आणि प्रत्येक ओळीला आकडा देतो.

दुसरा उपयोग सातव्या-आठव्या ओळीत कळला. हाताने लिहिताना आपण कागद संपला की शब्द मोडतो आणि उरलेला खाली लिहितो, संयोगचिन्ह वगैरे काही देत नाही. तिनंही तेच केलं होतं. सातवी ओळ ‘आ’वर संपते, क्रियापदाचं उरलेलं अक्षर आठवीच्या सुरुवातीला. आणि नेमकी या दोन ओळींमधून आडवी घडी गेलेली. घडीवर कागद झिजलाय, त्यामुळे आठव्या ओळीतल्या सगळ्या अक्षरांचे माथे गेलेत.

माथे गेल्यावर देवनागरीचं काय होतं हे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ‘ला’चा काना म्हणजे उभा दांडा. ‘ली’ची दीर्घ वेलांटी म्हणजे तोच दांडा आणि वर कमान. कमान झिजली की ला आणि ली एकच! मराठी क्रियापद कर्त्याचं लिंग सांगतं, ते सगळं त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कमानीत असतं. अनुस्वाराचीही तीच गत, कारण तोही डोक्यावरच बसतो.

मग आला कोण, की आली कोण? सातव्या ओळीत कर्ता आहे, पण तिथे ओल लागून शाई फुटलेली. पहिलं अक्षर डाग, पुढे स्पष्ट ‘ाऊ’. मी ‘भाऊ’ वाचलं. तिला आणखी एक भाऊ होता, त्याला सगळे भाऊच म्हणत. पण धाकट्या बहिणीला घरात ‘माऊ’ म्हणत! छापील भ आणि म ओळखायला शिरोरेषेची मदत होते, कारण म वर ती सलग जाते आणि भ वर तुटते. आत्याआजी शिरोरेषा देतच नव्हती, त्यामुळे ती खूण आधीच गेलेली. त्याच ओळीतल्या ‘भात’शी ताडून पाहिलं. तिचा भ डावीकडून वळण घेऊन सुरू होतो, म सरळ खाली उतरतो. डागाच्या डावीकडे वळणासारखं काहीतरी होतं. भाऊकडे कल झाला, पण खात्री नाही.

ही नाही-खात्री कागदावर कशी मांडायची? प्राचीन शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्या युरोपीय अभ्यासकांनी १९३१ साली लायडनला खुणा ठरवल्या. त्यात शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात. सुटसुटीत पद्धत, पण देवनागरीत पंचाईत होते, कारण आपल्याकडे अक्षराखालचं टिंब म्हणजे नुक्ता. शंका दाखवायला ड खाली टिंब द्यावं, तर वाचणारा ते हिंदीतलं ‘लड़का’ मधलं ड़ समजणार. त्यांची दुसरी खूण म्हणजे चौकोनी कंस. तिथे तो हरवलेला मजकूर भरून काढण्यासाठी असतो. मी तोच शंकेसाठी घेतला आणि आत प्रश्नचिन्ह घातलं. अर्थ काय घेतलाय ते पानाच्या वर एका ओळीत लिहिलं म्हणजे झालं.

कंसातही एक गंमत आहे. मला शंका फक्त मात्रेची होती, म्हणून नुसती वेलांटीच कंसात टाकली, तर स्क्रीनवर तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. स्वरचिन्ह एकटं उभं राहत नाही, त्याला व्यंजन लागतं. म्हणून पूर्ण अक्षर कंसात घ्यायचं. शेवटी असं झालं:

```
०७  भात मळून झालें. [भाऊ?] परवां रात्रीं आ
०८  [ला/ली] पण घटकाभर बस[ला/ली] [नाहीं?]
```

‘नाहीं’वरचा अनुस्वार मला दिसत नाही. ती एरवी देते म्हणून तो मी टाकला. तो माझा आहे, तिचा नव्हे, म्हणून तोही कंसात. आणि ‘आ’पुढे संयोगचिन्ह नाही, कारण तिनं दिलेलं नाही.

हे पान छापून तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या आत्याला, दाखवायला नेलं. ऐंशीच्या पुढची, पण चष्म्यातून बारकं वाचते. आधीच्या ओळी ती सरसर वाचत गेली. कंस आला तशी थांबली.

“हे प्रश्नचिन्ह का?”

“भाऊ की माऊ ते कळत नाही, आत्या.”

तिनं मूळ कागद मागितला, हातात धरला आणि हसली. “अरे, दोन्ही नाही. जाऊ आहे ही. आईचं आणि मोठ्या जावेचं तेव्हा पटत नव्हतं. भाऊमामा कसला रात्रीचा येतोय, भाताच्या दिवसांत!”

मी पत्र माहेरच्या बाजूनं वाचत होतो, कारण ते आमच्या ट्रंकेत होतं. लिहिणारी मात्र सासरी बसली होती, आणि जाऊ हा शब्द माझ्या मनातच आला नाही. घरी येऊन कागद अंधारात टेबलावर ठेवला, टॉर्च अगदी आडवी धरली. शाई फुटली तरी टाकाच्या निबानं कागदावर पाडलेला ओरखडा राहतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. भ असता तर खाली गाठ हवी होती. ती नव्हतीच. एक रेघ दांड्याच्या साधारण मध्यातून डावीकडे निघून खाली वळत होती. चौदाव्या ओळीतल्या ‘जपून’चा ज अगदी तसाच.

आता सातव्या ओळीत ‘[जाऊ?]’ आहे. प्रश्नचिन्ह ठेवलंय. आठवीतले दोन्ही ‘ला/ली’ मी अजून तसेच ठेवलेत. कर्ता जाऊ ठरली तर व्याकरण ‘ली’च म्हणेल, पण कमान कागदावर नाही. तळटीपेत मात्र लिहिलंय की जाऊ हे वाचन पत्र लिहिणारीच्या मुलीनं सुचवलं, आणि माझं आधीचं वाचन ‘भाऊ’ होतं.